फौंड्री घेतली, आता पुणं आणि कोल्हापूर जमवायचं कसं?

प्रश्न: आमच्या चाकणच्या मशीनिंग कंपनीने कोल्हापुरातली दीडशे माणसांची फौंड्री घेतली, चार महिने झाले. तिथं सगळे निर्णय तोंडी, आमच्याकडे मेल आणि अप्रूव्हल. तिथं सहा जण मॅनेजर, आमच्याकडे ग्रेड. त्यांची सुट्टी सोमवारी आमची गुरुवारी, शिफ्टच्या वेळाही वेगळ्या. एचआर म्हणतंय १ एप्रिलपासून सगळं एकसारखं करून टाका. सुरुवात कुठनं करू?

उत्तर:

एचआरला सांगा १ एप्रिलला फक्त एकच गोष्ट बदला, ती म्हणजे कोणता निर्णय कोण घेणार ते कागदावर आणा. पदं आणि वेळा आहेत तशा राहू द्या. निर्णय, पदं आणि वेळा हे तुम्हाला तीन वेगळे प्रश्न वाटतायत पण फौंड्रीत ते एकमेकांत अडकलेले असतात, एक ओढला की बाकीचे दोन हलतात, आणि ते हललेलं कळतं तीन-चार आठवड्यांनी, ते पण तुमच्या चाकणच्या मशीनवर.

म्हणजे काय ते एका केसवरनं सांगतो. नाव सांगत नाही, पण गोकुळ शिरगावकडची एसजी आयर्नची, म्हणजे गोल ग्रॅफाईटच्या लोखंडाची, फौंड्री, घेणारी कंपनी पुण्याकडची, जवळजवळ तुमच्यासारखंच. तिथं मेल्टिंग जास्त करून रात्री चालायचं. कारण साधं, वीजबिलात रात्रीच्या युनिटला वर्षानुवर्षं सवलत होती आणि इंडक्शन फर्नेसचं बिल हा फौंड्रीचा एक मोठा खर्च. (वेळेनुसार बदलणाऱ्या या टीओडी दराचे तास आणि आकडे वीज आयोगाच्या आदेशाने बदलत असतात, त्यामुळे शिफ्टबद्दल काही ठरवायच्या आधी चालू बिल काढून बघा, जुन्या सवयीवर जाऊ नका.) रात्री फर्नेसवर एक हेड मिस्त्री, वीस-बावीस वर्षं तिथंच काढलेला. एसजीत लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू न्यायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं, साधारण दहा मिनिटांच्या आत ओतलं नाही तर मॅग्नेशियम उतरत जातं, ग्रॅफाईट गोल राहत नाही आणि कास्टिंग वरनं छान दिसलं तरी आतनं कमजोर. लाईन अडकली, मोल्ड तयार नाही, क्रेन थांबली, कारण काही असो, उशीर झाला की तो मिस्त्री सरळ म्हणायचा "पिगला टाका" आणि लॅडल पिगच्या साच्यात रिकामं, धातू परत वितळवायला. कुणाला विचारायचं नाही. सकाळी मालक राऊंडला आले की सांगायचं, दादा काल दोन लॅडल गेली, दादा दोन शिव्या घालायचे आणि विषय संपायचा.

टेकओव्हरनंतर ग्रेडिंग झालं. मिस्त्री हे पद पुण्याच्या यादीत नव्हतंच, म्हणून तो झाला टेक्निशियन, ग्रेड अमुक. पगार एक रुपया कमी झाला नाही, उलट थोडा वाढला. पण पुण्याच्या सिस्टीममध्ये टेक्निशियनला मटेरियल स्क्रॅप करायचा अधिकार नाही, तो क्वालिटी इंजिनिअरला. क्वालिटी इंजिनिअर जनरल शिफ्टला, साडेनऊला येणार. मग रात्री दोन वाजता लॅडल थंड होतंय तेव्हा मिस्त्रीने काय करायचं? पहिल्यांदा फोन केला, उचलला नाही. दुसऱ्यांदा टाकलं पिगला, तर सकाळी मेल आला की विना अप्रूव्हल स्क्रॅप का केलं, खुलासा द्या. तिसऱ्यांदापासनं गडी ओतायला लागला. आता त्याला नावं ठेवून काय उपयोग?

तीनेक आठवड्यांनी मशीन शॉपमध्ये रिजेक्शन वर गेलं. पुण्याचे म्हणाले कोल्हापूरवाल्यांची क्वालिटी घसरली, मन लावून काम करत नाहीत, टेकओव्हरचा राग काढतायत. कोल्हापूरचे म्हणाले वितळवायचं स्क्रॅपच खराब घेतंय परचेस. दोघांनाही खरं कारण दिसत नव्हतं. ते दिसलं कसं, तर कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते फर्नेसच्या कोणत्या घाण्यातलं तो नंबर, ओतलेला असतो, रिजेक्ट पीस हीट नंबरप्रमाणे लावले आणि फर्नेसच्या लॉगशी जुळवले. जवळजवळ सगळे रात्री बारा ते पाचच्या हीट. दिवसा ओतलेले पीस ठीक होते, स्क्रॅपही तेच आणि माणसंही बऱ्यापैकी तीच. फरक एकच, दिवसा "टाका" म्हणणारा माणूस जागेवर होता.

म्हणजे बघा, बदललं होतं नुसतं पद, पण पदाबरोबर निर्णय गेला आणि ज्याच्याकडे गेला त्याची वेळ जुळत नव्हती. याला कल्चर कल्चर म्हणत बसलात तर वर्कशॉप घ्याल, गेम खेळाल, आणि रात्री दोनला लॅडल तसंच ओतलं जाईल.

तुमच्याकडे पहिलं काम असं करा. मागच्या दोन महिन्यांत फौंड्रीत जे निर्णय प्रत्यक्षात झाले त्यांची यादी काढा. पॉलिसीत लिहिलेत ते सोडून द्या, झालेले निर्णय हवेत. यादी केबिनमध्ये बसून होत नाही. गेटचं रजिस्टर, फर्नेस लॉग, मेंटेनन्सची वही, कॅश व्हाऊचर आणि सुपरवायझरच्या मोबाईलमधले मेसेज, एवढ्यातनं निघते. पंचवीस-तीस निर्णय निघतात, जास्त नाही. धातू टाकायचा की ओतायचा, कुणाला जादा वेळ थांबवायचं, बेअरिंग गेलं तर कुठनं आणायचं, स्क्रॅपचा आजचा रेट घ्यायचा का, गिऱ्हाईकाला गाडी आज पाठवायची की उद्या, कुणाला ॲडव्हान्स द्यायचा. प्रत्येकापुढे चारच गोष्टी लिहा: कोणी ठरवलं, कुणाला विचारून, किती वेळात, आणि चुकलं असतं तर किती रुपयाला पडलं असतं.

मग हे निर्णय दोन ढिगांत पडतात. ज्यात उशीर झाला की नुकसान तिथंच होतं ते जागेवरच्या माणसाकडेच ठेवायचे, त्याचं नाव आणि हद्द लिहून. ज्यात दोन दिवस थांबलं तरी चालतं पण पैसा मोठा आहे ते पुण्याच्या पद्धतीने. आमच्या त्या केसमध्ये फर्नेसजवळ एक लॅमिनेट केलेला कागद लागला. ट्रीटमेंटनंतर ठरलेली मिनिटं उलटली किंवा तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं तर हेड मिस्त्री धातू पिगला टाकणार, कुणाची परवानगी नाही. हीट नंबर, वेळ, तापमान वहीत लिहायचं. टाकलेल्या धातूचा खुलासा मागायचा नाही, सकाळच्या मीटिंगमध्ये लाईन का अडली एवढंच विचारायचं. त्यावर प्लँट हेड आणि पुण्याच्या क्वालिटी हेड दोघांच्या सह्या. पिगिंग महिनाभर वाढलं, त्यावरनं कुरबूर झाली, पण मशीन शॉपमधलं रिजेक्शन उतरलं. पिग केलेला धातू परत वितळतो, वीज आणि ट्रीटमेंटचा खर्च तेवढा जातो. मशीनिंग झालेला पीस फेकला तर धातूबरोबर टूल, मशीनचा वेळ, गाडीभाडं सगळंच जातं.

खरेदीचं थोडं वेगळं आहे. इथं कोल्हापूरची बाजू शंभर टक्के बरोबर आणि पुण्याची चूक असं मी म्हणणार नाही. स्क्रॅपचा रेट रोज हलतो, व्यापारी फोनवर सांगतो "संध्याकाळपर्यंत हा रेट", आणि तुमचा परचेस म्हणतो तीन कोटेशन घ्या. तीन कोटेशन येईपर्यंत रेट गेला. मग काय होतं तर माल येतो, गेटवर उतरतो आणि पीओ मागनं निघतो. हे शोधायची युक्ती सोपी आहे, गेट एन्ट्रीची तारीख आणि पीओची तारीख शेजारी लावा. पीओ नंतरचा असलेली प्रत्येक ओळ म्हणजे कागदावरची सिस्टीम एक आणि खरी सिस्टीम दुसरी. पहिल्या महिन्यात असल्या ओळी दिसणारच, घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही तेवढ्याच असल्या तर तुमचं इंटिग्रेशन पीपीटीतच झालंय असं समजा. यावरचा तोडगा म्हणजे पुण्याने दर आठवड्याला स्क्रॅप, पिग आयर्न, फेरो अलॉयचा वरचा रेट आणि महिन्याचा टनेज मंजूर करून ठेवायचा, त्या चौकटीत प्लँटने फोनवर सौदा करायचा. चौकटीबाहेर गेलं तरच विचारायचं. ब्रेकडाऊनला प्लँट हेडला एक ठराविक रकमेपर्यंत मोकळीक, त्याच दिवशी मेसेज, कागद दोन दिवसांत.

पण रोखीचं मात्र बंद करा, लगेच. छोट्या कारखान्यात ड्रॉवरमधनं पैसे काढून वेल्डरला, क्रेनवाल्याला द्यायची पद्धत असते. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलं की तो खर्च आयकरात वजावटीला धरत नाहीत, आणि ऑडिटर ते तुमच्या गळ्यात मारणार. जादा वेळेचंही तसंच. "आज दोन तास थांब, परवा लवकर जा" हे आपापसात गोड वाटतं, पण कामगाराच्या ओव्हरटाईमला कायद्याने दुप्पट दर आहे आणि त्याची नोंद लागते. सेफ्टी, पीएफ, ईएसआय, ओव्हरटाईम रजिस्टर, एवढ्या बाबतीत "इथं असंच चालतं" ऐकून घ्यायचं नाही.

आता जुने मालक. तुम्ही लिहिलं नाहीत पण बहुतेक ते दोन-तीन वर्षं सल्लागार म्हणून राहिले असणार, पैशाचा काही भाग त्यावरच अडकलेला असतो. माणसं अजून त्यांच्याकडेच जातात, केबिनला नाही गेली तर घरी जातात. तुमचा प्लँट हेड म्हणतो मी सांगितलं, सगळे हो म्हणाले, आणि होत काहीच नाही. होणार कसं, हो म्हणून ते दादांना विचारायला गेलेले असतात. दादांना बाजूला करायच्या भानगडीत पडू नका, तो सगळ्यात महाग पडणारा उपाय. त्यांच्याकडे कोणते विषय राहणार ते त्यांच्यासमोर बसून लिहा: जुनी गिऱ्हाईकं, नवीन पार्टचं पॅटर्न आणि गेटिंग, एवढं. बाकी विषय घेऊन कोणी आलं तर दादांनी स्वतः उठून त्याला प्लँट हेडच्या टेबलापर्यंत न्यायचं, "यांना विचार" नुसतं तोंडी सांगून भागत नाही. आणि सकाळचा साडेसातचा राऊंड दोघांनी मिळून मारायचा. कोल्हापुरात निम्मे निर्णय त्या राऊंडमध्ये, चहा हातात असताना होतात. तुमचा प्लँट हेड हॉटेलवरनं साडेनऊला येत असेल तर तो दिवसभर झालेल्या निर्णयांच्या बातम्याच ऐकणार.

पदांकडे येतो. सहाच्या सहा मॅनेजरना "सीनियर एक्झिक्युटिव्ह" करायची घाई करू नका. इथल्या माणसाला कार्डावरचं मॅनेजर हे फुकटात मिळालेलं नसतं, बऱ्याचदा पगारवाढीच्या ऐवजी मिळालेलं असतं. म्हणजे तुम्ही ते काढता तेव्हा मागच्या पाच-सहा वर्षांची वाढ काढून घेतल्यासारखं होतं त्याला. आणि बाहेर गिऱ्हाईकाचा परचेसवाला, बँकवाला, सोयरीक बघायला आलेले पाहुणे, सगळे कार्डच बघतात. तेव्हा दोन रकाने ठेवा. आतला ग्रेड, ज्यावर पगार, रजा, विमा ठरेल, आणि कार्डावरचं पद, जे आहे तेच राहील. नवीन भरती आणि बढती नव्या पद्धतीने. पाच-सहा वर्षांत ते आपोआप विरतं.

ग्रेड लावताना पदाच्या नावावरनं लावू नका, त्या पंचवीस-तीस निर्णयांच्या यादीवरनं लावा. हा माणूस किती रुपयांपर्यंत स्वतः ठरवतो, किती जणांची रजा मंजूर करतो, लाईन थांबवू शकतो का. असं बघितलं की गंमत होते, डिस्पॅच मॅनेजर खाली येतो आणि पॅटर्न शॉपचा मिस्त्री, ज्याचं नाव तुमच्या ऑर्गनायझेशन चार्टवर पण नाही, तो वर जातो. चाकणचे लोक तक्रार करतील की चाळीस माणसं सांभाळणारा मी आणि सहा माणसांचा तो एकाच ग्रेडमध्ये कसे. त्यांना यादी दाखवा. नुसती माणसं मोजून ग्रेड लावला तर फौंड्रीतली अर्धी हुशारी तळाला जाते.

कायद्याच्या दोन बारक्या गोष्टी इथंच सांगून टाकतो. एक, कुणाला ऑफिसर म्हटलं म्हणून तो कामगार या व्याख्येतनं बाहेर जात नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं, तेव्हा ओव्हरटाईम वाचवायला पदं वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन, कारखान्याच्या परवान्यावर फॅक्टरी मॅनेजर म्हणून ज्याचं नाव आहे ते कार्डावरचं पद नव्हे, ती कायदेशीर जबाबदारी आहे. तो माणूस बदलला किंवा सोडून गेला तर डिश, म्हणजे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाच्या, कार्यालयाला कळवावं लागतं. टेकओव्हरच्या गडबडीत हे राहून जातं आणि अपघात झाला की आठवतं.

वेळा आणि सुट्टीला मात्र सगळ्यात शेवटी हात लावा, किंवा लावूच नका. तुम्हाला वाटतं गुरुवार सोमवार एक केला की समन्वय वाढेल. पण तुमच्या फौंड्रीभोवतीचे जॉबवर्कवाले, फेटलिंगवाले, हीट ट्रीटमेंट, टेम्पोवाले सोमवारी बंद असतील तर तुम्ही सोमवारी चालू राहून करणार काय, आणि गुरुवारी ते माल घेऊन गेटवर येतील तेव्हा तुम्ही बंद. हा एचआरचा प्रश्न दिसतो, पण आहे सप्लाय चेनचा. गल्लीतल्या सगळ्यांची सुट्टी विचारून या आधी.

शिफ्टचंही तसंच. करवीर, कागल, हातकणंगलेच्या गावांतनं येणारा कामगार पहाटे उठतो, म्हशीची धार काढतो, डेअरीला दूध घालतो आणि मग मोटरसायकल काढतो. सातच्या शिफ्टला तो येतो, सहाची केली तर दूध की हजेरी असं होतं, आणि दूध दर दहा दिवसाला बिल देतं. उसाला पाणी पाजायची लाईट रात्रीची असेल तर त्या आठवड्यात रात्रपाळी बदलून मागणार. हे सुपरवायझरला तोंडपाठ असतं, कोणाची लाईट कधी, कोणाच्या गावची जत्रा कधी, चैत्रात जोतिबाला किती जण जाणार. तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं. त्यामुळे शिफ्टची अदलाबदल सुपरवायझरच्या हातातच राहू द्या, फक्त ती आदल्या दिवशी लिहून जाऊ दे.

लेट मार्कची एक गोष्ट. त्याच केसमध्ये बायोमेट्रिक बसवलं, तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कट. हे सगळ्या स्टाफला लागलं, डिस्पॅचच्या पोरांनाही, जी गाडी भरल्याशिवाय घरी जायची नाहीत, रात्री नऊ नऊपर्यंत थांबायची. पहिल्या महिन्याचा कट बघितला आणि दुसऱ्या महिन्यापासनं साडेपाचला सगळे गेटच्या बाहेर. गाड्या सकाळी भरायला लागल्या, चाकणला माल एक दिवस उशिरा. कोणी भांडलं नाही, अर्ज नाही, काही नाही. हे गप्प राहणं ओळखायला शिका, कोल्हापूरचा माणूस तोंडावर भांडतोय तोवर बरं चाललंय.

तरीही वेळा बदलायच्याच असतील तर रीतसर करा. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, शिफ्ट हे कामगारांच्या सेवाशर्तीत येतं आणि बदलाची २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९अ कलमात हे होतं, औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलंय. युनियनशी करार चालू असेल तर आधी तो वाचा. आणि व्यवहार कसा झाला ते तुमच्या सीएला विचारून घ्या. शेअर घेतले असतील तर कंपनी तीच राहिली, नुसता शेअरहोल्डर बदलला, म्हणजे जुनी नेमणूकपत्रं, जुने करार जसेच्या तसे चालू. धंदाच हस्तांतरित करून घेतला असेल तर सलग नोकरी धरून, आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर माणसं घ्यावी लागतात, नाहीतर भरपाईचा प्रश्न येतो. एचआरचं "१ एप्रिलपासून एकसारखं" या दोन्हीत कुठं बसतं ते वकिलाकडनं लेखी घ्या.

वेळा न जुळवता काम जुळवता येतं. सकाळी साडेआठला पंधरा मिनिटं आणि दुपारी चारला पंधरा मिनिटं फौंड्री आणि मशीन शॉप फोनवर, रोज तीच माणसं, फक्त आजच्या गाड्या, अडलेल्या हीट आणि थांबलेली अप्रूव्हल. गुरुवारी चाकणला आणि सोमवारी कोल्हापुरात ठरवू शकणारा एक एक माणूस ड्युटीवर, त्याचं नाव दोन्हीकडच्या बोर्डावर. आणि अप्रूव्हलला घड्याळ लावा. चोवीस तासांत उत्तर नाही आलं तर ते आपोआप वरच्याकडे जाणार, त्यात मागणाऱ्याचा दोष नाही. हे शेवटचं पुण्यातनं मंजूर करून घ्यायला सगळ्यात जड जाईल, कारण उशीर कोल्हापुरात होत नाही तर कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये होतो हे पहिल्याच महिन्यात उघडं पडतं.

१ एप्रिलच्या आधी एवढं बघून ठेवा की फर्नेस, पॅटर्न शॉप आणि मेंटेनन्स या तिन्ही ठिकाणचे मुख्य मिस्त्री कोण, आणि त्यांच्याशी तुमच्यातलं कोणी बोललंय का. त्यांना शेजारच्या फौंड्रीतनं फोन आलेला असणार, एमआयडीसीत टेकओव्हरची बातमी सह्या व्हायच्या आधी फिरते. इंजिनिअर गेला तर महिना-दोन महिन्यांत दुसरा मिळेल. हे तिघं गेले तर त्या पंचवीस-तीस निर्णयांच्या यादीतले निम्मे घ्यायला तुमच्याकडे माणूसच नाही, मग तुम्ही ग्रेड कुठलाही द्या.